पोर्टलवर 'यशस्वी' दिसतं, पण पैसे योग्य माणसाला पोचले का? अतिवृष्टी अनुदानाची तपासणी

प्रश्न : आमच्या तालुक्यात अतिवृष्टीचं अनुदान डीबीटीने वाटलं गेलं. त्याच्या तपासणी पथकात माझी नेमणूक झाली आहे. साडेनऊ हजारांवर नावं आहेत आणि पोर्टलवर बहुतेकांपुढे 'यशस्वी' असंच दिसतं. लाभार्थी पात्र होते का, कुणाला दुबार रक्कम गेली का आणि पैसे योग्य खात्यातच जमा झाले का, हे नक्की कसं तपासायचं? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

सुरुवात गावातल्या मूळ पंचनाम्याच्या यादीपासून करा. पोर्टलवरची यादी सगळ्यात शेवटी तयार होते. तिच्या आधीच्या टप्प्यांवर काही घुसवलं गेलं असेल, तर ते तिच्यात इतर नोंदींसारखंच नीटनेटकं दिसतं. म्हणून तुमच्यासमोर तीन वेगवेगळ्या याद्या हव्यात.

पहिली यादी शेतावरची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी संयुक्त पंचनामा करून सह्या केलेली, हाताने लिहिलेली किंवा छापील. (या तिघांची पदनामं आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत, पण जुन्या कागदांवर जुनीच नावं सापडतील.) दुसरी यादी तहसीलमधून पोर्टलवर चढवलेली. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि त्याच क्रमांकावर शेतकरी सेवा केंद्रात जाऊन अंगठा देऊन ई-केवायसी करतो. तिसरी यादी प्रत्यक्ष पैसे गेल्यानंतर परत आलेली, ज्यात यशस्वी-अयशस्वी असा शेरा असतो. पहिलीतली नोंद दुसरीत आणि दुसरीतली तिसरीत जशीच्या तशी यायला हवी. माझ्या अनुभवात गंभीर प्रकरणं जवळपास सगळी पहिली आणि दुसरी यादी यांच्या मधल्या फटीत सापडतात, कारण तिथे कुणीतरी एक्सेलमध्ये ओळी टाइप करत असतं आणि त्या टायपिंगवर दुसऱ्या कुणाची सही नसते.

कागदी यादी 'सापडत नाही' असं उत्तर मिळालं, तर ते लेखी घ्या. तोच पहिला आक्षेप ठरतो.

पात्रता : नियम थोडे, पण तारीख महत्त्वाची

ज्या घटनेसाठी मदत दिली, तिचा शासन निर्णय समोर ठेवा. दर आणि मर्यादा घटनेगणिक बदलतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळाच्या निकषांनुसार पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. दर जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500, मर्यादा दोन हेक्टरची. राज्याने काही वेळा यापेक्षा जास्त दर आणि तीन हेक्टरची मर्यादा दिलेली आहे. त्यामुळे एका वर्षाचा दर डोक्यात ठेवून दुसऱ्या वर्षाची यादी तपासू नका. आणखी एक अट वाचताना निसटते. पीक नुकसानीची ही मदत म्हणजे निविष्ठा अनुदान, आणि ते एका हंगामात एकदाच द्यायचं असतं. जुलैच्या पावसात आणि सप्टेंबरच्या पावसात एकाच शेतातलं एकच खरीप पीक दोनदा दाखवलं असेल, तर दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर वाटतात. चूक दिसते ती दोन्ही शेजारी ठेवल्यावरच.

सातबारा कोणत्या तारखेचा बघायचा, यावर बरेच वाद होतात. तपासणीच्या दिवशी ऑनलाइन काढलेला सातबारा आजची स्थिती सांगतो. तुम्हाला हवी ती नुकसानीच्या दिवसाची. मधल्या काळात जमीन विकली गेली, वारस लागले किंवा वाटणी झाली, तर आजच्या उताऱ्यावर नसलेला माणूस त्या दिवशी कायदेशीर खातेदार असू शकतो. ज्या नोंदी जुळत नाहीत, त्या गटांचे फेरफार काढा आणि तारखा लावून बघा. असं न करता 'सातबाऱ्यावर नाव नाही' एवढ्यावर वसुली काढणं हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे, आणि तो आक्षेप टिकतही नाही.

क्षेत्र आणि पीक यांच्यासाठी गाव नमुना 12 आणि ई-पीक पाहणी वापरा. राज्यभर ई-पीक पाहणी 2021 पासून आहे, म्हणजे कोणत्या गटात कोणतं पीक किती क्षेत्रावर होतं याची पंचनाम्याबाहेरची नोंद हाताशी असते. पण ती नोंद नाही म्हणजे पीक नव्हतं, असं धरू नका. अनेकांकडे फोन नसतो, नेटवर्क नसतं, नोंद राहून जाते. नोंद नसेल तर इतर पुरावा शोधा. नोंद आहे आणि ती पंचनाम्याच्या विरुद्ध आहे, तर मात्र तिथे थांबा.

पात्रतेच्या चाचण्यांमध्ये सगळ्यात कमी वापरली जाणारी चाचणी जिरायत-बागायतीची आहे. नाव खरं, गट खरा, क्षेत्र खरं, फक्त जिरायती सोयाबीनला बागायतीचा दर लावला, की दोन हेक्टरला 17,000 च्या जागी 34,000 जातात. कुठलीही दुबार-तपासणी हे पकडत नाही. यासाठी बागायती दराने दिलेल्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढा आणि नमुना 12 मधला जलसिंचनाच्या साधनाचा रकाना बघा. विहीर, बोअर, कालवा असं काहीच नसेल आणि गावातल्या बहुतेकांना बागायती दर मिळाला असेल, तर तो प्रश्न लाभार्थ्याचा नसून यादी करणाऱ्याचा आहे. टिपणीतही तसंच लिहा.

दुबार : आधार क्रमांकावर थांबू नका

दुबार म्हटलं की सगळे आधार क्रमांक लावून बघतात. ती चाचणी करायचीच, पण एकच आधार दोनदा आला तर बहुतेक प्रणाली आधीच अडवतात. जो ठरवून करतो, तो एकच आधार दोनदा वापरत नाही. तो एकच जमीन दोनदा वापरतो. जमीन वाढवता येत नाही, म्हणून तुमचं खरं हत्यार क्षेत्राची बेरीज हे आहे. प्रत्येक गावातल्या प्रत्येक गटासाठी अनुदान दिलेलं एकूण क्षेत्र काढा आणि सातबाऱ्यावरच्या लागवडयोग्य क्षेत्राशी ताडून बघा. एक्सेलमध्ये गावाचा रकाना B, गटाचा D आणि दिलेलं क्षेत्र H असेल, तर एवढं पुरतं:

```
=SUMIFS(H:H,B:B,B2,D:D,D2)
```

ही बेरीज करण्याआधी दोन गोष्टी सांभाळा, नाहीतर दिवसभराचं काम वाया जाईल. एक्सेलला 3/2 असा गट-हिस्सा दिला की तो त्याची तारीख करून टाकतो. फाइल उघडण्याआधीच तो रकाना मजकूर म्हणून आयात करा. दुसरी अडचण खाते क्रमांकांची. एक्सेल संख्या म्हणून फक्त पंधरा अंक अचूक धरतो. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि पुढची शून्यं गळतात. रकाना मजकूर म्हणून घेतला तरी `COUNTIF` तुलना करताना त्याला संख्याच मानतो, त्यामुळे शेवटच्या अंकाने वेगळी असलेली दोन खाती 'एकच' दिसतात. उपाय सोपा आहे:

```
=COUNTIF(F:F,F2&"*")
```

मागे चांदणी लावली की तुलना मजकूर म्हणून होते. खोट्या दुबार खात्यांच्या याद्या घेऊन गावात गेलेली पथकं मी बघितली आहेत. एकदा असं झालं की पुढच्या खऱ्या आक्षेपावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रकार नेहमीचा आहे. गट क्रमांक 142, एकूण क्षेत्र 3.20 हेक्टर, त्यात पोटखराबा 0.40, म्हणजे लागवडयोग्य 2.80. खातेदार तीन भाऊ. पैसे गेलेल्या यादीत मोठ्या भावाला 1.40 आणि धाकट्या दोघांना प्रत्येकी 0.70, असे 2.80 हेक्टर बरोबर बसतात. पण त्याच गावात '142/अ' या गटावर चौथं नाव आहे, 1.20 हेक्टर आणि 10,200 रुपये. गट वेगळा लिहिल्यामुळे वरची बेरीज हे पकडत नाही. म्हणून गटाच्या मूळ आकड्यावर, म्हणजे तिरकी रेघ आणि पुढचं अक्षर काढून, तीच बेरीज पुन्हा करायची. मग 2.80 च्या जागी 4.00 हेक्टर येतात आणि फरक समोर उभा राहतो. वेगळ्या उताऱ्याचे खरे पोटहिस्से असतील तर त्यांचं क्षेत्रही मूळ गटाच्या क्षेत्रात धरायचं.

इथे लगेच 'बोगस' लिहू नका. आधी अभिलेखात 142/अ असा पोटहिस्सा आहे का ते बघा. समजा नाही. मग फेरफार बघा, कारण चौथी व्यक्ती खरेदीदार असू शकते आणि तिची नोंद प्रलंबित असू शकते. समजा तसंही नाही. मग कागदी पंचनामा काढा. त्यात या गटासमोर तीनच नावं आहेत. पोर्टलवर चढवलेल्या यादीत चार आहेत. आता प्रश्न बदलला. ही ओळ कोणत्या लॉगिनमधून, कोणत्या तारखेला भरली गेली आणि कोणत्या लॉगिनने मंजूर केली? त्या लॉगिनने त्याच दिवशी भरलेल्या सगळ्या ओळी काढा आणि त्या कागदी यादीशी ताडा. एक ओळ सापडली की तिच्यासारख्या दुसऱ्या ओळी याच वाटेने सापडतात. त्यांची खाती बहुतेकदा एक-दोन शाखांमध्ये एकवटलेली असतात, आणि लाभार्थ्यांचे पत्ते गावाबाहेरचे असतात. दुसऱ्याचं लॉगिन आणि ओटीपी वापरण्याची पद्धत कार्यालयात रूढ असेल, तर लॉगिनधारकाला जबाबदार धरण्याआधी तो त्या दिवशी कुठे होता हेही तपासा. हजेरीपट आणि दौरा दैनंदिनी त्यासाठीच असतात.

दोन हेक्टरची मर्यादा शेतकऱ्यामागे आहे, गावामागे नाही. शेजारच्या दोन गावांत किंवा दोन तालुक्यांत जमीन असलेल्याला दोन्हीकडे दोन-दोन हेक्टर मिळाले, तर तुमच्या एकट्या तालुक्याच्या यादीत काहीच दिसणार नाही. जिल्ह्याची एकत्रित यादी मागा. फार्मर आयडी आलेल्या याद्यांमध्ये हे काम हलकं होतं, कारण एका शेतकऱ्याची सगळी जमीन त्याखाली एकत्र येते.

एकाच खाते क्रमांकावर दोन लाभार्थी, हा प्रकार मात्र पुष्कळदा निर्दोष असतो. नवरा-बायको दोघांच्या नावे वेगवेगळी जमीन आणि संयुक्त खातं एकच, असं घर प्रत्येक गावात आहे. दोन नावांपर्यंत सातबारा आणि नातं बघून सोडून द्या. एका खात्यावर वेगवेगळ्या आडनावांचे पाच-सहा लाभार्थी दिसले, की मग खातं उघडण्याच्या अर्जापर्यंत जा.

योग्य खातं : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पैसे दोन वाटांनी जातात आणि दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

पहिली वाट खाते क्रमांक आणि आयएफएससी यांची. या वाटेने रक्कम जमा होताना नाव बघितलं जात नाही, फक्त खाते क्रमांक चालतो. रिझर्व्ह बँकेच्या 2010 च्या परिपत्रकातच तसं स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे यादीत नाव शेतकऱ्याचं आणि खाते क्रमांक दुसऱ्याचा असला तरी व्यवहार 'यशस्वी' होतो. पीएफएमएस ही सरकारची पैसे पाठवण्याची प्रणाली खातं पडताळते तेव्हा बँकेकडे नोंदलेलं नाव परत येतं. ते नाव मागून घ्या आणि यादीतल्या नावाशेजारी ठेवा. एक नाव मराठीत, दुसरं इंग्रजीत, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतरचं आडनाव वेगळं, यामुळे यंत्राने जुळवलेली नावं फसवतात. मी नावांचे तीन गट करते. स्पष्ट जुळणारी, शंकेची आणि पूर्ण वेगळी. पूर्ण वेगळी सगळी तपासते, शंकेच्यांतून नमुना घेते.

दुसरी वाट आधार पेमेंट ब्रिजची. इथे पाठवणाऱ्या फाइलमध्ये आधार क्रमांक आणि रक्कम असते, खाते क्रमांक नसतो. एनपीसीआयचा मॅपर हा आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे एवढंच सांगतो. रक्कम त्या बँकेकडे जाते आणि ती बँक आपल्या नोंदीतून खातं शोधते. एका आधारला मॅपरमध्ये एका वेळी एकच बँक असते, शेवटी जिने आधारची जोडणी, म्हणजे सीडिंग, केलं ती. शेतकऱ्याची चार बँकांत खाती असतील, चारही ठिकाणी केवायसीसाठी आधार दिलेलं असेल, आणि त्याला वाटत असेल की पैसे जिल्हा बँकेतल्या नेहमीच्या खात्यात येणार. प्रत्यक्षात ते दुकानात सिम घेताना किंवा एखाद्या शिबिरात उघडलेल्या खात्यात पडलेले असतात. 2017 मध्ये हे देशभर गाजलं होतं. एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत सिम पडताळणीच्या वेळी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान तिकडे वळलं. त्या वर्षी डिसेंबरमध्ये यूआयडीएआयने त्या कंपनीची ई-केवायसीची परवानगी तात्पुरती थांबवली.

म्हणून या वाटेने गेलेल्या पैशांबाबत तीन प्रकार वेगळे ठेवायचे. पैसे शेतकऱ्याच्याच, पण त्याला माहीत नसलेल्या खात्यात पडले. पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडले, कारण बँकेने चुकीचं आधार चुकीच्या खात्याला जोडलं होतं. आणि तिसरा प्रकार, ई-केवायसी करतानाच विशिष्ट क्रमांकाला दुसऱ्याच माणसाचं आधार जोडलं गेलं. पहिल्यात शासनाचं नुकसान नाही, पण शेतकरी उपाशीच आहे आणि त्याला फक्त बँकेचं नाव सांगितलं तरी प्रश्न सुटतो. दुसऱ्यात बँक उत्तर देणार. तिसऱ्यात सेवा केंद्र आणि यादी करणारा यांच्यापर्यंत जावं लागतं. तिन्हींची तक्रार मात्र एकाच शब्दांत येते, 'माझे पैसे आले नाहीत'.

यातला फरक कसा ओळखायचा? शेतकऱ्याला स्वतःच्या ओटीपीने माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघायला सांगा. तिथे बँकेचं नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. ही तारीख अनुदानाच्या तारखेच्या आधीची असेल, तर पैसे त्याच बँकेत गेलेत असं धरून पुढे जाता येतं. नंतरची असेल, तर आजचं बँकेचं नाव काही उपयोगाचं नाही. मग व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम देऊन संबंधित बँकेला पत्र लिहा आणि चार गोष्टी मागा. ज्या खात्यात रक्कम जमा झाली त्याच्या धारकाचं नाव, खातं उघडल्याची तारीख, आधार सीडिंगसाठी घेतलेला संमती अर्ज आणि रक्कम जमा झाल्यानंतरचे व्यवहार. बँका अशा पत्रांना एकेका नावाने उत्तर द्यायला वेळ लावतात. शाखानिहाय यादी करून अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकामार्फत पाठवली तर काम लवकर होतं.

जमा झाल्यानंतरच्या व्यवहारांकडे दुर्लक्ष करू नका. रक्कम जमा होताच त्याच दिवशी पूर्ण काढली गेली, आणि असं एका शाखेतल्या किंवा एका बँक मित्राच्या यंत्रावरच्या अनेक खात्यांत झालं, तर खातं शेतकऱ्याचं असूनही पैसे त्याच्या हातात गेले नसण्याची शक्यता आहे. उलट काही खात्यांत रक्कम जमा दिसते, पण बँकेने थकीत पीक कर्जापोटी ती अडकवून ठेवलेली असते. मदतीच्या शासन निर्णयात बहुतेक वेळा बँकांनी या रकमेतून कर्जवसुली करू नये असं लिहिलेलं असतं. हे पोर्टलवर कधीच दिसत नाही, पासबुकातच दिसतं.

परत आलेले पैसे

एवढं सगळं करायला वेळ नसेल आणि एकच चाचणी निवडायची असेल, तर अयशस्वी होऊन पुन्हा पाठवलेल्या रकमा तपासा. पहिल्या फेरीच्या यादीवर बऱ्याच जणांची नजर असते. दुसऱ्या फेरीच्या छोट्या यादीकडे कुणी बघत नाही, आणि तिच्यात तपशील बदलायला अधिकृत कारण असतं.

समजा 9,640 नोंदी पाठवल्या. 9,112 यशस्वी, 528 अयशस्वी. कारणांमध्ये आधार मॅपरमध्ये नाही, खातं बंद, खातेदार मयत, छोट्या खात्याची मर्यादा ओलांडली, असं काही असेल. (शेवटच्या कारणाबद्दल माहीत असू द्या. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात शिल्लक 50,000 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण शासकीय अनुदान जमा करताना शिल्लकेची ही मर्यादा धरायची नसते. वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही.) 528 पैकी 391 नोंदी दुरुस्त करून पुन्हा पाठवल्या, त्यातल्या 374 यशस्वी झाल्या. आता 391 नोंदींचा जुना आणि नवा तपशील शेजारी ठेवा. आधार तेच आणि फक्त सीडिंग नव्याने झालं असेल, तर प्रश्न नाही. आधारचे शेवटचे चार अंकच बदलले असतील, तर लाभार्थी बदलला आहे. असे 23 निघाले समजा. प्रत्येकामागे कागद हवा. मयत खातेदाराच्या जागी वारस आला असेल तर वारस फेरफार आणि इतर वारसांची संमती, सामाईक खातेदार असेल तर सहमतीपत्र. 14 वारस आणि 6 सामाईक खातेदार कागदांसह निघाले, तर उरलेले 3 तुमचं खरं काम आहे. साडेनऊ हजारांतून तिघांपर्यंत तुम्ही दोन-तीन दिवसांत पोचता.

संमतीपत्रं वाचतानाही डोळे उघडे ठेवा. एकाच अक्षरातली, एकाच तारखेची, तेच दोन साक्षीदार असलेली पत्रं असली तर सही करणाऱ्यांपैकी काहींना प्रत्यक्ष भेटा.

गावातली भेट

नमुना दोन भागांत घ्या आणि ते एकमेकांत मिसळू नका. एक भाग वरच्या चाचण्यांतून निघालेल्या संशयास्पद नोंदींचा. दुसरा सगळ्या यादीतून यदृच्छेने काढलेला. संशयास्पद शंभरांतल्या चाळीस नोंदी चुकीच्या निघाल्या म्हणून तालुक्यातलं चाळीस टक्के वाटप चुकीचं, असं कुणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. सगळ्या तालुक्याबद्दल काही म्हणायचं असेल, तर ते फक्त दुसऱ्या भागावरून.

घरी जाताना यादी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत नेऊ नका. रस्ता दाखवायला पोलीस पाटील किंवा कोतवाल पुरे. 'अनुदान मिळालं का?' असं विचारलं तर 'हो' उत्तर येतं, कारण मागच्या वर्षीचं, पीक विम्याचं किंवा पीएम किसानचे 2,000 रुपये त्यांच्या मनात असतात. पासबुक भरून आणायला सांगा आणि नोंदीवर बोट ठेवून रक्कम आणि तारीख जुळवा. मग शेत दाखवा म्हणा. किती रक्कम हातात आली आणि ती मिळवण्यासाठी कुणाला काही द्यावं लागलं का, हे शेवटी, एकट्याने, शांतपणे विचारा. बाई खातेदार असेल तर तिलाच विचारा. घरातल्या पुरुषाने दिलेलं उत्तर तिचं म्हणून लिहू नका.

आधार क्रमांकांच्या पूर्ण याद्या स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. जुळवणीसाठी लागतील तेवढ्या कार्यालयाच्या संगणकावर वापरा, टिपणीत शेवटचे चार अंक आणि विशिष्ट क्रमांक पुरतात.

अहवालात काय लिहायचं

जादा दिलेली रक्कम, चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम आणि पात्र असून न मिळालेली रक्कम, हे तीन वेगळे परिच्छेद करा. प्रत्येकाला वेगळा जबाबदार आणि वेगळी कार्यवाही लागते. 142/अ सारख्या प्रकरणात आक्षेपासोबत कागदी पंचनाम्याची प्रत, अपलोड केलेली ओळ, लॉगिनची नोंद आणि व्यवहार क्रमांक, एवढे चार कागद क्रमाने लावा. वाचणाऱ्याला तुमचं मत विचारायची गरजच पडत नाही.

तिसरा परिच्छेद बहुतेक अहवालांत नसतोच, आणि तो असावा असा माझा आग्रह आहे. वरच्या आकड्यांत 528 अयशस्वींपैकी 137 नोंदी पुन्हा पाठवल्याच गेल्या नाहीत आणि पाठवलेल्यांपैकी 17 पुन्हा फसल्या. म्हणजे 154 शेतकरी पंचनाम्यात आहेत, पात्र आहेत, त्यांच्या नावाने रक्कम मंजूर आहे आणि ती त्यांना मिळालेली नाही. त्यांची गावनिहाय यादी, प्रत्येकाचं अयशस्वी होण्याचं कारण आणि ती रक्कम सध्या कोणत्या खात्यात पडून आहे, हे परिशिष्टात द्या. रक्कम शासनजमा झाली असेल तर चलनाची तारीख लिहा. कार्यालयाच्या बँक खात्यात असेल तर त्या दिवसाची शिल्लक आणि या 154 जणांची बेरीज जुळते का तेही तपासा. शिल्लक बेरजेपेक्षा कमी भरली, तर पैसे दुसरीकडे कुठे गेले याचा शोध त्या खात्याच्या उताऱ्यापासून सुरू करा.